आयसोट्रेटिनॉइनची कॅप्सूल: जेवणातील स्निग्धांश, ठरलेली वेळ आणि उपचारादरम्यानची पथ्ये

तीव्र मुरुमांसाठी, विशेषतः गाठींच्या स्वरूपातील आणि व्रण ठेवून जाणाऱ्या मुरुमांसाठी, त्वचारोगतज्ज्ञ आयसोट्रेटिनॉइन लिहून देतात, तेव्हा चिठ्ठीवर बहुधा ‘जेवणानंतर’ एवढाच शब्द असतो. मधुमेहाच्या किंवा वेदनाशामक गोळीपुढेही हाच शब्द असल्यामुळे रुग्ण त्याचा अर्थ ‘पोटात काहीतरी असावे’ असा घेतो आणि चहा-बिस्किटांवरही समाधान मानतो. या औषधाच्या बाबतीत मात्र जेवण हा मात्रेचाच भाग असतो. कॅप्सूलवर २० मिलिग्रॅम छापलेले असले तरी त्यातील किती औषध रक्तात पोहोचणार, हे तिच्यासोबत काय खाल्ले यावर ठरते.

आयसोट्रेटिनॉइन हे अ जीवनसत्त्वाशी नाते असलेले द्रव्य आहे. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते. आपण तेल-तुपाचा अंश असलेले जेवण घेतो तेव्हा पित्ताशय आकुंचन पावून पित्तरस आतड्यात सोडतो, त्या रसामुळे स्निग्धांशाचे अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि औषध त्या कणांबरोबर आतड्याच्या अस्तरातून आत जाते. रिकाम्या पोटी ही सगळी व्यवस्था निजलेली असते. कॅप्सूलच्या आत औषध तेलातच मिसळलेले असते हे खरे, परंतु ते तेल इतके थोडे असते की पित्तरस वाहता करण्यास ते पुरेसे ठरत नाही. नेहमीच्या प्रकारच्या कॅप्सूलवर झालेल्या तुलनात्मक चाचणीत, भरपूर स्निग्धांशाच्या जेवणासोबत जेवढे औषध रक्तात आले त्याच्या सुमारे ४० टक्केच उपाशीपोटी आले. काही नव्या धाटणीच्या कॅप्सूल अशा बनवलेल्या असतात की जेवणावरचे त्यांचे अवलंबित्व कमी होते. आपली कॅप्सूल तशी आहे की नाही, हे डॉक्टरांनाच विचारावे. तशी असली तरी जेवणासोबत घेण्यात तोटा नाही.

जेवणात स्निग्धांश किती असावा

औषधशास्त्रीय चाचण्यांत जे ‘भरपूर स्निग्धांशाचे’ जेवण देतात त्यात साधारण ५० ग्रॅम स्निग्धांश असतो. एवढे तेल-तूप रोज एका बैठकीत खाण्याची गरज नाही आणि ते योग्यही नाही. व्यवहारात १५ ते २० ग्रॅम स्निग्धांश असलेले, रोज साधारण सारखे राहणारे जेवण हे गाठता येण्याजोगे लक्ष्य आहे, आणि आपल्याकडच्या पोळी-भाजीच्या ताटात ते सहज बसते.

मोजमापासाठी एवढे लक्षात ठेवले की पुरते: चहाचा एक चमचा तेल किंवा साजूक तूप म्हणजे सुमारे साडेचार-पाच ग्रॅम स्निग्धांश. मूठभर, म्हणजे तीसेक ग्रॅम, शेंगदाण्यात सुमारे १४ ग्रॅम असतो, एका अंड्यात ५ ग्रॅम, आणि सायीसकट म्हशीच्या दुधाच्या २०० मिलिलिटरच्या पेल्यात १२ ग्रॅमच्या आसपास. आता दुपारचे साधे ताट पाहावे. तीन पोळ्यांना मिळून लावलेले चमचाभर तेल, एका माणसाच्या वाट्याला भाजीतून येणारे दोन चमचे तेल आणि वरणभातावरचे चमचाभर तूप, एवढ्यातच वीस ग्रॅमची मजल गाठली जाते. याउलट चहा आणि दोन मारी बिस्किटे यांत जेमतेम तीन-चार ग्रॅम भरतात. कांदेपोह्यांची बशी मधोमध येते: दाणे नसतील आणि तेल बेताचे असेल तर ती अपुरी पडते, दाणे सढळ हाताने घातले आणि सोबत पेलाभर दूध घेतले तर चालते. इडली, उपमा, कॉर्नफ्लेक्स, फळांची बशी हे पदार्थ एकटे पुरत नाहीत. ज्वारीची भाकरी आणि पिठलेही तेल कमी असेल तर कोरडेच राहते, पण भाकरीसोबत तेल घातलेली शेंगदाण्याची चटणी किंवा लोण्याचा गोळा आला की प्रश्न मिटतो.

रक्तातील ट्रायग्लिसराइड आधीच वाढलेले असलेल्या रुग्णांना येथे पेच पडतो, कारण हे औषध स्वतःच ट्रायग्लिसराइड वाढवू शकते. अशांनी कॅप्सूलसाठी वेगळे तूप ओतू नये. दिवसभराच्या स्वयंपाकात जेवढा स्निग्धांश डॉक्टरांनी मान्य केला आहे त्यातील मोठा वाटा कॅप्सूलच्या जेवणात घ्यावा, बाकीची जेवणे हलकी ठेवावीत आणि तो वाटा शक्यतो दाणे, अक्रोड, तीळ, तेल यांतून यावा. साखर, मिठाई आणि मद्य यांनीही ट्रायग्लिसराइड चढते, त्यामुळे कॅप्सूलसोबत पेढा खाण्याची काही घरांत सुचवली जाणारी युक्ती मला मुळीच पटत नाही.

वेळ कशी ठरवावी

शरीरातील आयसोट्रेटिनॉइनचे प्रमाण निम्मे होण्यास साधारण २१ तास लागतात. म्हणून एखाद्या दिवशी दोन तास मागे-पुढे झाल्याने काही बिघडत नाही. मग वेळ ठरवण्याचा आग्रह कशासाठी? वेळ ठरली की जेवण ठरते, जेवण ठरले की शोषण ठरते, आणि शोषण रोज सारखे राहिले तरच डॉक्टरांना तुमची मात्रा वाढवायची की कमी करायची हे कळू शकते. त्यामुळे घड्याळाकडे पाहून तास निवडण्याआधी आठवड्याचे सातही दिवस जे जेवण खात्रीने आणि नीट होते ते जेवण निवडावे. नोकरदार माणसाचे ते बहुधा रात्रीचे जेवण असते, डबा नेणाऱ्याचे दुपारचे. वसतिगृहातील विद्यार्थ्याने मेसचे कोणते जेवण रविवारीही मिळते हे आधी पाहावे, कारण बऱ्याच मेस रविवारी रात्री बंद असतात.

घेण्याची रीत अशी. जेवायला बसताना त्या दिवसाची कॅप्सूल पट्टीतून काढून ताटाजवळ ठेवावी. अर्धे जेवण झाल्यावर किंवा संपताच ती अख्खी, भरपूर पाण्यासोबत गिळावी. ती चावू नये, चघळू नये, कापून अर्धी करू नये. मऊ कवच घशात किंवा अन्ननलिकेत अडकून तेथेच फुटले तर आतील द्रव्याने अन्ननलिकेला दाह होतो, छातीत जळजळते आणि गिळताना दुखते. म्हणूनच घोटभर पाण्यावर कॅप्सूल घेऊन लगेच आडवे होणे टाळावे. रात्रीच्या जेवणाची वेळ निवडली असेल तर झोपण्यापूर्वी तासभर तरी हातात राहील असे पाहावे. मात्रा मोठी असल्यास डॉक्टर ती दोन जेवणांत विभागून देतात. तेव्हा दोन्ही जेवणांत स्निग्धांश लागतो, ‘सकाळची चहासोबत, रात्रीची जेवणासोबत’ असे चालत नाही.

एखादा दिवस चुकला तर चुकलेली कॅप्सूल सोडून द्यावी आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी नेहमीएवढीच घ्यावी. दोन दिवसांची मिळून एकदम घेऊ नये. महिनोन् महिने चालणाऱ्या उपचारात एका कॅप्सूलने फरक पडत नाही, दुप्पट मात्रेने मात्र डोकेदुखी, उलटी, चेहरा लाल होणे असे त्रास उद्भवू शकतात.

उपवासाचा दिवस वाटतो तितका अडचणीचा नसतो. साबुदाण्याची खिचडी किंवा भगर आणि दाण्याची आमटी यांत दाणे-तूप इतके असते की एकादशीला औषध कदाचित रोजच्यापेक्षा जास्तच शोषले जाईल. अडचण येते ती फळांवर काढलेल्या उपवासात आणि हरतालिकेसारख्या काही घरांत निर्जळी केल्या जाणाऱ्या व्रतात. फलाहारी उपवासात दाण्याचा लाडू आणि पेलाभर दूध यांसोबत कॅप्सूल घेता येते, निर्जळी उपवासात त्या दिवशीची वगळावी. रोजे पाळणाऱ्यांनी इफ्तारनंतरचे पूर्ण जेवण निवडावे. सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्या जैन कुटुंबांसाठी दुपारचे जेवण सोयीचे पडते. या कॅप्सूलचे मऊ कवच सहसा प्राणिज जिलेटिनचे असते, हेही शाकाहारी रुग्णांना आधी माहीत असलेले बरे. ज्यांना ते चालणार नाही त्यांनी कवच फोडून आतले औषध घेण्याचा खटाटोप न करता डॉक्टरांशी पर्यायांविषयी बोलावे. सोयाबीन किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी असल्यास तेही सांगावे, कारण आतील तेल अनेकदा सोयाबीनचे असते.

शोषण कमी पडत आहे हे कसे ओळखावे, आणि एक उदाहरण

या औषधाची एक खूण जवळजवळ प्रत्येकात दिसते: ओठ कोरडे पडतात, त्यांची साले निघतात, कोपऱ्यांना चिरा जातात. बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच हे सुरू होते. अनुभवी त्वचारोगतज्ज्ञ रुग्ण समोर येताच आधी ओठ पाहतात, ते यासाठीच. महिना उलटला तरी ओठ मऊसूत असतील आणि चेहऱ्याचा तेलकटपणाही तसाच असेल, तर मात्रा फार कमी आहे, कॅप्सूल अनियमित घेतली जात आहे किंवा ती शोषलीच जात नाही, अशा तीन शक्यता उरतात.

समजा, पुण्यात वसतिगृहात राहणाऱ्या ६० किलो वजनाच्या तरुणाला रोज २० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल दिली आहे. वजनाच्या हिशेबाने ही किलोमागे सुमारे ०.३३ मिलिग्रॅम झाली. अनेक डॉक्टर किलोमागे ०.५ ते १ मिलिग्रॅमपर्यंत जातात, पण भारतात कमी मात्रेने सुरुवात करण्याची पद्धत रूढ आहे, तेव्हा यात वावगे काही नाही. तरुण सकाळी आठला कॉलेजला निघताना कोऱ्या चहासोबत कॅप्सूल घेतो. औषध ४० टक्क्यांच्या आसपासच शोषले जात असल्यामुळे, भरल्या पोटी घेतलेल्या ८ मिलिग्रॅमइतकाच परिणाम त्याच्या वाट्याला येतो. दोन महिन्यांनी मुरुम जैसे थे, ओठ ठणठणीत. डॉक्टर विचारतात, ‘औषध रोज घेतोस ना?’ तो प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणतो, आणि डॉक्टर मात्रा ४० मिलिग्रॅम करतात.

खरा धोका येथून पुढे आहे. त्याच आठवड्यात मित्र सांगतो की ही कॅप्सूल तुपाच्या जेवणासोबत घ्यायची असते, आणि तो ती दुपारच्या मेसच्या ताटासोबत घेऊ लागतो. कागदावर मात्रा दुप्पट झाली, शरीरात मात्र ती ८ वरून ४० वर, म्हणजे पाचपट गेली. आता ओठ फाटून रक्त येते, नाकातून रक्त येते, पाठ आणि सांधे दुखतात, मुरुमही एकाएकी उसळू शकतात, आणि तो ‘औषध सोसत नाही’ म्हणून उपचारच सोडून देतो. म्हणून जेवणाची चूक लक्षात आली तर ती सुधारण्याआधी किंवा सुधारताना डॉक्टरांना कळवावे. चिठ्ठीवर सध्या जी मात्रा आहे ती कोणत्या जेवणावर ठरली होती हे त्यांना समजले पाहिजे. या तरुणाच्या बाबतीत बहुधा २० मिलिग्रॅमच, पण दुपारच्या ताटासोबत, आणखी महिनाभर पाहणे पुरेसे ठरले असते.

एकूण किती दिवस घ्यायचे याचा हिशेबही यातूनच बिघडतो. बरेच तज्ज्ञ संपूर्ण उपचारात किलोमागे १२० ते १५० मिलिग्रॅम इतकी एकूण मात्रा पूर्ण व्हावी असे पाहतात, कारण त्यामुळे मुरुम पुन्हा उद्भवण्याची शक्यता घटते. ६० किलोसाठी १२० च्या हिशेबाने ७२०० मिलिग्रॅम होतात, म्हणजे रोज ३० मिलिग्रॅम घेतल्यास २४० दिवस. मधले दोन महिने चहावर गेले असतील तर कागदावर ते मोजले जातात, शरीराने मात्र ते पूर्ण घेतलेले नसतात.

गर्भधारणा: येथे सवलत नाही

आयसोट्रेटिनॉइनमुळे गर्भाच्या मेंदूत, हृदयात, चेहऱ्यात आणि कानांत गंभीर व्यंगे निर्माण होऊ शकतात, आणि त्यासाठी कमी मात्रा किंवा थोडे दिवस ही पळवाट नाही. म्हणून मूल होण्याच्या वयातील स्त्रीने गर्भधारणा नसल्याची चाचणी करूनच, शक्यतो पुढच्या पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, औषध सुरू करावे. लैंगिक संबंध असल्यास खात्रीचे गर्भनिरोधन उपचारापूर्वी एक महिना, उपचारभर आणि शेवटच्या कॅप्सूलनंतर किमान एक महिना चालू हवे. डॉक्टरांनी किंवा पाकिटावर याहून मोठा काळ सांगितला असेल तर तोच पाळावा. केवळ प्रोजेस्टेरॉन वर्गातील संप्रेरक असलेल्या लहान मात्रेच्या गोळीवर विसंबू नये. चाचणी दर महिन्याला करावी. पाळी चुकली की कॅप्सूल त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांकडे जावे.

आपल्याकडे या औषधाची मागणी अनेकदा लग्न ठरल्यावर येते, आणि नेमके तेव्हाच हा मुद्दा आईसमोर बोलायला मुलीला अवघड जाते. डॉक्टरांनी एकांतात विचारले तर पालकांनी त्यात गैर मानू नये. मुलीनेही ‘मला एकटीला बोलायचे आहे’ असे सांगण्यास संकोच करू नये. लग्नाला दोन महिने उरले असताना उपचार सुरू करणे हा माझ्या मते चुकीचा मुहूर्त आहे: सुरुवातीच्या आठवड्यांत मुरुम तात्पुरते वाढू शकतात, त्वचा वॅक्सिंग सहन करत नाही, आणि लग्नानंतर गर्भधारणा काही काळ कटाक्षाने टाळावी लागते.

पुरुषाने हे औषध घेतल्याने त्याच्या पत्नीच्या गर्भाला धोका असल्याचे आढळलेले नाही. मात्र उपचार चालू असताना आणि संपल्यावर एक महिना स्त्री-पुरुष कोणीही रक्तदान करू नये, कारण ते रक्त गर्भवतीला दिले जाऊ शकते. त्याच कारणाने आपली पट्टी बहिणीला किंवा मैत्रिणीला देऊ नये.

सोबत काय घेऊ नये

सर्वांत महत्त्वाचे नाव डॉक्सिसायक्लिनचे. हे आणि मिनोसायक्लिन ही टेट्रासायक्लिन गटातील प्रतिजैविके आयसोट्रेटिनॉइनसोबत घेतल्यास कवटीच्या आतील दाब वाढण्याचा धोका असतो. मुरुमांसाठी पूर्वी दिलेल्या डॉक्सिसायक्लिनची उरलेली पट्टी अनेकांच्या कपाटात असते. शिवाय पावसाळ्यात मुंबई-ठाण्याकडे तुंबलेल्या पाण्यातून चालल्यावर लेप्टोस्पायरोसिसचा प्रतिबंध म्हणून हेच औषध दिले जाते. तेथे गोळ्या देणाऱ्या माणसाला तुमच्या मुरुमांच्या उपचाराची कल्पना नसते. ती आपण द्यावी आणि दुसरा पर्याय मागावा. जोराची डोकेदुखी, मळमळ-उलटी आणि नजर धूसर होणे ही लक्षणे दिसल्यास औषध बंद करून त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्यावी.

अ जीवनसत्त्व असलेल्या गोळ्या, कॉड लिव्हर ऑइल आणि ‘केस-त्वचेसाठी’ म्हणून विकली जाणारी मिश्रणे बंद ठेवावीत. गाजर-पपई खाण्यास हरकत नाही, मटणाची कलेजी मात्र टाळावी, तिच्यात तयार अ जीवनसत्त्व फार मोठ्या प्रमाणात असते. मद्य वर्ज्य ठेवणे उत्तम.

तपासण्या, त्वचा आणि थांबण्याच्या खुणा

यकृताची विकरे आणि रक्तातील स्निग्धांश यांची तपासणी उपचारापूर्वी आणि मात्रा स्थिरावल्यावर, साधारण महिना-दोन महिन्यांनी, करतात. नमुना उपाशीपोटी द्यायचा असल्यास सकाळी कॅप्सूल घेणाऱ्याने ती त्या दिवशी पुढे ढकलावी आणि नंतरच्या जेवणासोबत घ्यावी. आदल्या रात्री लग्नाची पंगत किंवा मद्य झाले असेल तर ट्रायग्लिसराइड फुगून येते आणि विनाकारण मात्रा घटवली जाते. तपासणी दोन दिवस पुढे नेलेली बरी. व्यायामशाळेत जाणाऱ्यांनी तपासणीच्या आधीचे काही दिवस जड वजने टाळावीत, स्नायूंवरील ताणानेही काही विकरे वाढलेली दिसतात.

ओठांना साधी पेट्रोलियम जेली दिवसातून अनेकदा आणि झोपताना जाड थराने लावावी. नाक आतून कोरडे पडून रक्त येत असेल तर नाकपुडीच्या कडेलाही तिचा पातळ हात फिरवावा. मुरुमांची जुनी मलमे डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू ठेवू नयेत. वॅक्सिंगने त्वचेचा थरच निघून येतो, म्हणून ते उपचारभर आणि पुढे सहा महिने टाळावे. वस्तरा चालतो. कॉन्टॅक्ट लेन्स टोचू लागतात, तेव्हा चष्म्यावर परतावे. काहींची रात्रीची नजर अचानक मंदावते. समोरच्या दिव्यांनंतर रस्ता दिसेनासा होत असेल तर रात्री दुचाकी चालवणे त्याच दिवसापासून थांबवून डॉक्टरांना सांगावे.

पोटाच्या वरच्या भागात सुरू होऊन पाठीकडे जाणारी तीव्र वेदना आणि उलट्या हे स्वादुपिंडाच्या सुजेचे लक्षण असू शकते. डोळे किंवा लघवी गडद पिवळी होणे, शौचातून रक्त जाणे, सतत उदास वाटणे किंवा जीव नकोसा होण्याचे विचार येणे, यांपैकी काहीही दिसल्यास पुढची कॅप्सूल घेऊ नये आणि तातडीने डॉक्टरांना गाठावे. मनःस्थितीतील बदल स्वतःला उशिरा कळतो, म्हणून घरातील किंवा खोलीतील एका माणसाला आधीच सांगून ठेवावे.

कॅप्सूल पट्टीतच, उजेड आणि उष्णतेपासून दूर, कोरड्या जागी ठेवाव्यात. उन्हात उभ्या दुचाकीच्या डिकीत किंवा न्हाणीघराच्या फळीवर त्या ठेवू नयेत. उपचार संपल्यावर काही उरल्या तर पुढच्या मुरुमासाठी जपून न ठेवता औषधाच्या दुकानात परत द्याव्यात, आणि शेवटच्या कॅप्सूलची तारीख लिहून ठेवावी. रक्तदान, गर्भधारणा आणि वॅक्सिंग यांचे दिवस त्या तारखेपासून मोजायचे असतात.